‘शुद्ध गंधार’ चढा कसा? जस्ट आणि टेंपर्डला मराठीत काय म्हणावं

अनुस्वार:
ध्वनिशास्त्रावरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. त्यात ‘जस्ट इंटोनेशन’ आणि ‘ईक्वल टेंपरामेंट’ हे शब्द पानोपानी आहेत. मी पहिल्याला ‘शुद्ध’ आणि दुसऱ्याला ‘समविभाजित’ केलं. मग एक वाक्य असं झालं: ‘समविभाजित गंधार शुद्ध गंधारापेक्षा १४ सेंटने चढा असतो.’ संपादकांनी समासात लिहिलंय, ‘पेटीवरचा गंधारही शुद्धच की. कोमल थोडाच आहे?’ त्यांचं म्हणणं खोडता येईना. दुसरा शब्द सुचवा.

शब्दवेल्हाळ:
‘जस्ट’ म्हणजे न्याय्य. ‘न्याय्य स्वरांतर’ म्हणा. आणि टेंपर्ड म्हणजे पाणी दिलेलं, पोलादाला देतात तसं. ‘संस्कारित’ छान बसेल.

खर्जातला:
न्याय्य नको हो, गंधार वकील घेऊन येईल. इथे ‘जस्ट’चा अर्थ नेमका, तंतोतंत. आणि टेंपरचं मूळ पोलादात नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ योग्य प्रमाणात मिसळणं, बेताचं करणं. पोलादाकडे तो तिथूनच गेला.

अनुस्वार, संपादक बरोबर आहेत. आपल्याकडे ‘शुद्ध’ हे नाव कोमल-तीव्राच्या विरोधातलं आहे. स्वर कुठल्या घरात बसतो एवढंच ते सांगतं, घरात नेमका कुठे बसतो ते नाही. षड्ज २४० हर्ट्झ धरा. पाचास चार या प्रमाणातला गंधार ३०० वर येतो, पेटीचा ३०२.४ वर. दोन्ही शुद्ध गंधारच.

बारामात्रा:
‘समविभाजित’ मात्र अचूक आहे, तो बदलू नका. २४० ते ४८० मध्ये २४० हर्ट्झ, त्याचे बारा समान भाग, एकेक २० चा.

खर्जातला:
असं करून बघा. गंधार चार पट्ट्या वर, म्हणजे २४० अधिक ८०, ३२०. तो तर मध्यम झाला! भाग समान असतात, पण बेरजेने नाही, गुणाकाराने. प्रत्येक पायरीला १.०५९४६ ने गुणायचं, बारा वेळा गुणलं की बरोबर दुप्पट होते. तुमची चूक मात्र कामाची आहे. ‘विभाजित’ वाचलं की कुणीही भागाकारच करणार.

बारामात्रा:
मान्य. मग जस्टला ‘गुणोत्तरी’ म्हणा, तिथे तरी गुणोत्तरं आहेत.

खर्जातला:
१.०५९४६ हेही गुणोत्तरच आहे. फरक इतकाच की जस्टची गुणोत्तरं लहान पूर्णांकांची असतात.

काळीपाच:
माझ्या पेटीचा गंधार तंबोऱ्याबरोबर खटकतो. रीड घासून उतरवता येईल का? की हा तीव्र गंधार झालाय?

शब्दवेल्हाळ:
तीव्र गंधार नसतोच, तीव्र फक्त मध्यम!

अनुस्वार:
जुन्या लक्षणगीतांत ‘तीवर’ गंधार-निषादालाही लावलेला सापडतो. पण विषय तो नाही.

खर्जातला:
काळीपाच, उतरवता येतो. जिभेच्या बुडाशी, रिव्हेटजवळ हलकेच खरवडलं की सूर उतरतो, टोकाशी खरवडलं की चढतो. पण थांबा, आधी काय खटकतंय ते ऐका. तंबोऱ्याचा खर्ज १२० धरला तर त्याच्या पाचव्या उपस्वराची आंदोलनं ६०० होतात. तोच आपण ऐकतो तो स्वयंभू गंधार. पेटीच्या गंधाराचा दुसरा उपस्वर येतो ६०४.८ वर. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला जवळजवळ पाच डोल ऐकू येतात. आता पंचम घ्या. खर्जाचा तिसरा उपस्वर ३६०, पेटीचा पंचम ३५९.६. अडीच सेकंदांत एक डोल. म्हणून पेटीचा पंचम कुणाला बोचत नाही आणि गंधार बोचतो. तुमच्या पेटीवर गंधाराचे डोल याहून बरेच जास्त येत असतील तर रीडच बिघडलंय, पद्धतीला बोल लावू नका.

काळीपाच:
पाच-सहाच आहेत. मग सगळीच पेटी जस्टमध्ये करून घेतो.

खर्जातला:
षड्ज कधीच हलवणार नसाल तर खुशाल करा. रिषभ २७०, गंधार ३००, मध्यम ३२०, पंचम ३६०, धैवत ४००, निषाद ४५०. सुरेख वाजेल. पण उद्या कुणी रिषभाच्या पट्टीला षड्ज धरून गायला बसलं, की त्याचा पंचम तुमच्या धैवतावर येणार. २७० चा पंचम हवा ४०५, पट्टी देते ४००. रिषभाचा तिसरा उपस्वर ८१०, धैवताचा दुसरा ८००, सेकंदाला दहा डोल. गंधार सुधारायला गेलात आणि पंचम घालवून बसलात. बारा ठिकाणी थोडी थोडी तडजोड केली की कुठलीही पट्टी षड्ज म्हणून चालते. ‘बेताचं करणं’ ते हेच.

अनुस्वार:
मग धैवत ४०० शुद्ध की ४०५?

खर्जातला:
दोन्ही. मध्यमाशी ४०० जुळतो, ३२० चे पाच-चतुर्थांश. रिषभाशी ४०५. भातखंडे परंपरेच्या पुस्तकांत ४०५ आहे. आणि तिथला गंधार बघा: ३६ इंचांच्या तारेवर २८ पूर्णांक २/३ इंचांवर, म्हणजे सुमारे ३०१.४. पाचास चारचा नाही, पेटीचाही नाही, मधेच. अनुवादात नुसतं ‘शुद्ध’ लिहिलंत तर या तिघांपैकी कुठला, हे वाचकाला कळणार नाही.

शब्दवेल्हाळ:
म्हणून म्हणतो, ‘स्वयंभू’ घ्या. ‘स्वयंभू सप्तक’. मातीतला शब्द आहे.

खर्जातला:
गंधाराला शोभतो. पण ४/३ चा मध्यम षड्जाच्या उपस्वरांत कुठेच नसतो. तो स्वयंभू कसा?

बारामात्रा:
‘संवादी’?

शब्दवेल्हाळ:
वादी-संवादी आठवा. परत तोच घोळ.

अनुस्वार:
सध्या ‘पूर्णांकी गंधार’ आणि ‘समपट गंधार’ असं लिहून ठेवते. ‘समपट’ म्हणजे दर पायरीला तितकीच पट, निदान २० हर्ट्झची चूक होणार नाही. संपादक ‘समपट’ वाचून सपाट म्हणतील अशी भीती आहे.

शब्दवेल्हाळ:
‘पूर्णांकी’! गणिताच्या तासाचा वास येतो. लोक ‘टेंपर्ड’ म्हणतात, तेच देवनागरीत ठेवलं तरी मी रागावणार नाही, आणि हे मी म्हणतोय.

काळीपाच:
म्हणजे माझा गंधार बेसूर नाही, कणसूर आहे, असं म्हणायचं ना?

बारामात्रा:
कणसूर म्हणजे किंचित उतरलेला. तुमचा तर चढाय.

शब्दवेल्हाळ:
उतरलेलाच का? कणभर चुकला की कणसूर, वर असो की खाली.

बारामात्रा:
आमच्याकडे चढ्याला कुणी कणसूर म्हटलेलं ऐकलं नाही.

खर्जातला:
मी दोन्हीकडे ऐकलाय. पण १४ सेंटला कणसूर म्हणायचं का, हा प्रश्न वेगळा. टेंपर्ड पेटी ज्या पद्धतीने लावली, त्या पद्धतीत ती अचूक आहे.

शब्दवेल्हाळ:
कानाला पद्धत कळत नाही.