तीन वर्षांच्या मुलाला रोजचा पंप : उपचार की घाई?

रानवारा (मूळ धागा)
माझा मुलगा तीन वर्षे दोन महिन्यांचा आहे. गणपतीपासून फेब्रुवारीपर्यंत त्याची छाती पाच वेळा वाजली आणि पाचही वेळा आधी सर्दी झाली होती. म्हणजे कारण विषाणू, ॲलर्जी नव्हे. तरीही डॉक्टरांनी तीन महिने रोज स्टिरॉइडचा पंप सांगितला. सहा वर्षांपर्यंत हा बाळदमा आपोआप जातो हे सगळ्यांना ठाऊक असताना प्रत्येक घरघरणाऱ्या मुलाला सरसकट पंप का लावला जातो?

कृष्णाकाठ
बावीस वर्षे लहान मुले तपासण्यात गेली आहेत, त्यामुळे ‘सरसकट’ या शब्दाचा राग आला, हे लपवत नाही. आधी सर्दी होती यावरून ॲलर्जी नाही असे ठरत नाही, कारण ज्या मुलांना पुढे पक्का ॲलर्जीचा दमा निघतो त्यांचाही या वयातला झटका बहुधा सर्दीच्या विषाणूनेच सुरू होतो. म्हणून मी झटक्याविषयी कमी आणि दोन झटक्यांमधल्या दिवसांविषयी जास्त विचारतो. सर्दी नसताना तो रात्री खोकून उठतो का? पळापळी केल्यावर किंवा खळखळून हसल्यावर खोकला सुटतो का? गादी झटकली की शिंका सुरू होतात का? कोपराच्या खोबणीत इसब होते का, आई किंवा वडिलांना दमा आहे का? ही सगळी उत्तरे ‘नाही’ असतील आणि झटकेही सौम्य असतील, तर रोजचा पंप मीही लिहून देणार नाही.

रानवारा
रात्रीचा खोकला आठवड्यातून दोनदा असतो, पण तो आमच्या घरात सगळ्यांनाच आहे. इसब होते, त्वचारोगतज्ज्ञांनी मलमही दिले होते. दमा माझ्या वडिलांना आहे, मला किंवा बायकोला नाही. जानेवारीतल्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी 9,200 आणि त्यांतल्या ॲलर्जीत वाढणाऱ्या इओसिनोफिल पेशी 6 टक्के होत्या. असे शोधत बसले तर गल्लीतले प्रत्येक मूल दमेकरी ठरेल.

कृष्णाकाठ
ठरणार नाही. आजोबांचा दमा या हिशेबात धरत नाहीत, आईवडिलांचा धरतात. मात्र वर्षात चार किंवा अधिक झटके आणि जोडीला डॉक्टरांनी पाहिलेले इसब, एवढ्याने पारडे दम्याकडे झुकते. तुमच्या 9,200 पेशींचे 6 टक्के म्हणजे 552. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ज्यांचे इओसिनोफिल 300 किंवा अधिक होते आणि ज्यांना धुळीतले किडे, परागकण, प्राणी यांसारख्या हवेतल्या गोष्टींची ॲलर्जी निघाली, त्या मुलांना रोजच्या पंपाचा फायदा सर्वांत ठळक दिसला. तुमच्या मुलात पहिली अट पुरी होते, दुसरी तपासलेली नाही. शिवाय आपल्याकडे जंतांनीही हा आकडा वाढतो, आणि तोंडावाटे स्टिरॉइड चालू असताना रक्त घेतले तर तो जवळपास शून्यावर येतो. म्हणून रक्त कधी घेतले हे आधी पाहावे.

वस्तुनिष्ठ
2006 चा अभ्यास डॉक्टरसाहेब सोयीस्करपणे विसरलेले दिसतात. एका गटाला दोन वर्षे रोज पंपातून फ्लुटिकासोन हे स्टिरॉइड आणि दुसऱ्याला औषध नसलेला पंप देऊन थांबवल्यावर तिसऱ्या वर्षी दोन्ही गटांत काहीच फरक उरला नाही आणि उपचाराअखेर उंची मात्र सुमारे एक सेंटिमीटर कमी भरली. म्हणजे दमा टळत नाही, उंची जाते.

कृष्णाकाठ
निम्मा निकाल सांगितलात. औषध चालू असताना त्या मुलांना झटके कमी आले, हेही त्याच निबंधात आहे. छत्री मिटल्यावर भिजलो म्हणून छत्री फसवी ठरत नाही. पुढचा दमा टळेल असे आश्वासन जो डॉक्टर देतो तो चुकतो, हे मान्य करतो; मी तसे दिलेले नाही.

चिंचेची सावली
ॲलर्जीची तपासणी म्हणताच माझा जीव कासावीस होतो. माझ्या मुलीला असाच त्रास होता, म्हणून कोणीतरी साठ पदार्थांची रक्ततपासणी सुचवली. अहवालात दूध, दही, केळे, टोमॅटो आणि शेंगदाणा लाल रंगात आले. आठ महिने आम्ही ते सगळे बंद ठेवले. छाती पूर्वीसारखीच वाजत राहिली आणि वजन अर्धा किलोसुद्धा वाढले नाही.

निवृत्त मास्तर
केळ्याने कफ होतो, हे मी सत्तर वर्षे पाहतो आहे. दही तर सूर्यास्तानंतर विषच. मला स्वतःला दमा आहे आणि पंपाची सवय अशी लागली की आता सुटत नाही. लेकराला त्यात ढकलू नका.

चिंचेची सावली
मास्तर, मागच्याच धाग्यात आपण लिहिले होते की आपला दमा बासष्टाव्या वर्षी, विड्या सोडल्यावर सुरू झाला. त्याचा तीन वर्षांच्या मुलाशी काय संबंध? आपल्या ‘कफा’पायी माझी मुलगी आठ महिने दुधावाचून राहिली.

निवृत्त मास्तर
दूध मी नव्हे, आपल्या प्रयोगशाळेने बंद केले. मी केवळ केळे म्हणालो.

कृष्णाकाठ
मास्तरांचा तेवढा मुद्दा बरोबर आहे. रक्तात प्रतिपिंडे सापडली म्हणजे तो पदार्थ बाधतोच असे नाही. खाण्याच्या ॲलर्जीत बहुधा थोड्याच वेळात गांधी उठतात, ओठ सुजतात किंवा उलटी होते. काहीही न होता नुसती छाती वाजणे विरळाच. साठ पदार्थांच्या यादीऐवजी धुळीतला किडा, झुरळ, परागकण अशा मोजक्या गोष्टींची त्वचेवरची चाचणी पुरते.

लेस्टरची परिचारिका
पंपावर एवढा वाद चालला आहे, पण या मुलाला प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचे सरबत किती वेळा दिले हे कोणीच विचारलेले नाही. सर्दीने छाती वाजून रुग्णालयात आलेल्या लहान मुलांना त्याचा उपयोग होत नाही, असे इकडच्या 2009 च्या अभ्यासात दिसले. तेव्हापासून सौम्य झटक्यात आम्ही ते उठसूट देत नाही.

रानवारा
पाचपैकी चार वेळा दिले, प्रत्येक वेळी तीन-चार दिवस.

कृष्णाकाठ
इथे आमच्या व्यवसायाची खोड उघडी पडते, हे कबूल करावे लागते. नंतरच्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात थोडा फायदा दिसला आहे, त्यामुळे ते पान पुरते मिटलेले नाही. पण सरबताचे चार कोर्स झालेल्या मुलाच्या वडिलांनी कमी मात्रेच्या पंपातल्या स्टिरॉइडला भ्यावे, हे मला उलटे वाटते. तीन महिने ही जन्मठेप नसून परीक्षा आहे. फरक पडला नाही, तर पंप नीट घेतला जात होता का हे पाहून तो बंद करायचा, मात्रा वाढवत बसायचे नाही आणि निदानाचा पुन्हा विचार करायचा. फरक पडला, तरीही बंद करून पाहायचे. त्रास परतला तरच औषधाचे श्रेय.

रानवारा
पण आता फेब्रुवारी संपत आला आहे. एप्रिल-मेमध्ये तो बरा राहिला, तर श्रेय पंपाचे की उन्हाळ्याचे?

कृष्णाकाठ
प्रश्न रास्त आहे आणि त्याचे नेमके उत्तर माझ्याकडे नाही. एवढेच सुचवतो की सर्दीवाचून येणाऱ्या रात्रीच्या खोकल्याची रोज नोंद ठेवा. ऋतूचा परिणाम त्यावर तुलनेने कमी असावा. खरी कसोटी पावसाळ्यात शाळा सुरू झाल्यावर लागेल. घरघर आली की छाती उघडी ठेवून मोबाइलवर चित्रफीत घ्या, कारण नाकातला आवाज आणि छातीतली शिटी यांत घरच्यांची नेहमी गल्लत होते. आणि रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर मास्क दाबू नका. रडताना औषध छातीत फार कमी पोहोचते आणि मग ‘पंप लागू पडला नाही’ असा निष्कर्ष निघतो.

वस्तुनिष्ठ
रोजच्याऐवजी सर्दी सुरू होताच सात दिवस जास्त मात्रा देण्याचा पर्याय तरी सांगा. 2011 च्या अभ्यासात दोन्ही पद्धतींत झटके सारखेच आले होते.

कृष्णाकाठ
तो पर्याय खरा आहे आणि केवळ सर्दीत वाजणाऱ्या छातीसाठी मी तो वापरतोही. या मुलाला सर्दीवाचूनही खोकला आहे, म्हणून माझा कल रोजच्या पंपाकडे. आपण वेगळे ठरवलेत तर भांडणार नाही.

रानवारा
पंप, स्पेसर आणि मास्क आज आणले. मास्क आधी त्याच्या कापडी अस्वलाला लावला, मग त्याने स्वतः मागून घेतला. खोकल्याची वही आजपासून. ‘सरसकट’ हा शब्द मात्र मागे घेत नाही.