प्रतिसाद: आयर्लंडचा वर्क व्हिसा रिजेक्ट, अपील लेटर कसं लिहायचं?

> "वर्क परमिट आहे तरी आयर्लंडचा व्हिसा रिजेक्ट झाला, ID आणि INCO अशी दोन कारणं दिलीत, अपीलमध्ये काय लिहू?"

पत्रात सगळ्यात वर अर्जाचा रेफरन्स नंबर टाक आणि मग त्यांचं एकेक कारण जसंच्या तसं हेडिंग म्हणून घेऊन त्याखालीच उत्तर दे. ID म्हणजे कागद अपुरे, तिथे कुठला कागद कमी होता आणि आता कुठल्या नंबरला जोडलाय एवढंच सांग. INCO मात्र सविस्तर लिही, कारण ते म्हणतायत तुझी माहिती आपसात जुळत नाही. समज अनुभवपत्रात जॉइनिंग जून आहे आणि पहिली सॅलरी स्लिप ऑगस्टची, तर नुसतं "टायपिंग मिस्टेक" म्हणून भागत नाही. एचआरकडून लेटरहेडवर खुलासा घे, त्यावर सही, हुद्दा, फोन हवाच, आणि सोबत ऑफर लेटर व पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट लाव म्हणजे तिन्हीकडे तारखा जुळतील. एकरकमी मोठी रक्कम दिसत असेल तर तिचाही पुरावा दे.

निर्णयाच्या तारखेपासून २ महिन्यांत अपील जायला हवं, फी नाही, पण संधी एकदाच मिळते त्यामुळे एचआरचं लेटर हातात आल्याशिवाय पाठवू नकोस. आणि खाली सही कर रे, बिनसहीचं पत्र चालत नाही.