नॉचचे पोल युनिट सर्कलच्या किती जवळ? वाद घाला, पण आकडे घेऊन

तूरडाळ_लातूर: फायनल इयर प्रोजेक्टला ईसीजी करायलोय, सॅम्पलिंग ५०० हर्ट्झ. ५० हर्ट्झची गुणगुण काढायला झिरो ३६ अंशावर सर्कलवर ठेवले, त्याच कोनात पोल आत, r = ०.९९९. गाईड म्हणतात हेच बरोबर. रूममेट म्हणतो ०.९५ ठेव. सिम्युलेशनमधी एकदम साफ, खऱ्या सिग्नलवर गुणगुण तशीच, अन् लाईट जाऊन हॉस्टेलचा इन्व्हर्टर चालू झाला की अजूनच जास्त. कुणाचं ऐकू?

गोदाकाठ: गाईडचं. पोल जितका सर्कलला चिकटलेला तितका खड्डा अरुंद, मंग फक्त ५० जातं आणि क्यूआरएसला धक्का लागत नाही. ०.९५ ला खड्डा जवळपास ८ हर्ट्झ रुंद होतो, म्हणजे ४६ ते ५४ मधलं बरंच काही गेलं. शिवाय पोल लांब नेला की खड्डा उथळ पण होतो.

देवगिरी_डीएसपी: पहिलं बरोबर, शेवटचं वाक्य चूक. झिरो सर्कलवरच आहेत ना? मग बरोबर ५० ला आउटपुट शून्यच, पोल ०.९५ वर असो की ०.९९९ वर. पोल फक्त एवढंच ठरवतो की ५० पासून किती सरकल्यावर फिल्टर परत १ वर येणार. आणि सगळी गोम तिथंच आहे, कारण आपल्या भिंतीतलं ५० हे बरोबर ५० कधीच नसतं. ग्रिड कोडचा पट्टाच ४९.९० ते ५०.०५ चा आहे.

समज आत्ता ४९.९ चालू आहे. सरकलेला कोन निघतो 2π × 0.1 / 500, म्हणजे साधारण ०.००१२६ रेडियन. आता पोलचं सर्कलपासूनचं अंतर (१ − r) याच्या शेजारी ठेवून बघ. ०.९९९ ला ते अंतर ०.००१, म्हणजे तू झिरोपासून जितका सरकलास त्याच्यापेक्षाही पोल जवळ आहे, मग तो झिरोचा परिणाम खाऊन टाकणारच, गुणगुणीतला ७८ टक्के भाग तसाच बाहेर येतो. ०.९९ ला साधारण १२ टक्के उरतो, ०.९५ ला अडीच. सिम्युलेशनमधी तू स्वतःच बरोबर ५० ची साइन टाकली असणार, म्हणून तिथं साफ दिसतं.

गोदाकाठ: मान्य, पण मग ०.९५ ला क्यूआरएसनंतर रिंगिंग येईल त्याचं काय?

देवगिरी_डीएसपी: येणारच. एका सॅम्पलचा ठोका दिला तर त्यामागं ५० हर्ट्झची लहर उठते, सुरुवातीची उंची साधारण ठोक्याच्या 2(1 − r) पट. ०.९५ ला १० टक्के, पण ४० मिलिसेकंदांत तिसऱ्या हिश्श्यावर येते. ०.९९ ला २ टक्केच, पण तेवढंच विझायला २०० मिलिसेकंद. ०.९९९ ला लहर दिसतही नाही, मात्र इलेक्ट्रोड हलला किंवा सर्किट चालू केलं की जुनी गुणगुण तिसऱ्या हिश्श्यावर यायलाच २ सेकंद जातात, पूर्ण जायला ९ च्या आसपास. फुकट काहीच नाही. मी स्वतः ०.९९ वरून सुरू करीन:

```
y = 0.99026*(x - 1.618034*x1 + x2)
    + 1.601854*y1 - 0.9801*y2;
```

पुढचा 0.99026 गाळू नकोस, नाहीतर डीसीला गेन १ टक्का जास्त येतो. आणि एक सांग, सॅम्पल टायमरनं घेतोस का लूपमधी `delay(2)` टाकून?

परळीचा_साउंडवाला: आमच्या मंडपात पण हाच त्रास आहे राव, कीर्तनाला माईक लावला की घूंऽऽ. एका पोरानं १६ बिटच्या चिपवर ४४.१ किलोहर्ट्झला हाच नॉच टाकून दिला, काडीचा फरक नाही. जनरेटरवर तर अजून घाण. म्हणून म्हणतो हे फिल्टर कागदावरच चालतात.

देवगिरी_डीएसपी: दादा, तुमची केस वेगळी आहे. ४४.१ किलोहर्ट्झला ५० चा कोन अर्ध्या अंशापेक्षाही कमी, म्हणून 2cos येतं 1.999949. असे गुणक १६ बिटमधी बहुतेक १६३८४ नं गुणून ठेवतात, त्यात हा आकडा ३२७६७ असा गोल होतो आणि नॉच जाऊन बसतो ५४.८ हर्ट्झवर. एक घर वर गेलं की ०, एक घर खाली आलं की ७७.५. मधी जागाच नाही! झिरो सर्कल सोडत नाहीत, खड्डा पूर्ण खोल असतो, फक्त चुकीच्या जागी. ३२ बिट घ्या नाहीतर रेट आधी खाली आणा. अन् आवाज घूं ऐवजी करकरीत असेल तर तो १००-१५० चा आहे, त्याला ५० चा नॉच हातही लावणार नाही. मिक्सर आणि अँपच्या अर्थिंगचा लूप बघा आधी.

परळीचा_साउंडवाला: अर्थिंग तर मंडपवालाच करतो, लोखंडी खांबाला वायर गुंडाळतो अन् झालं.

अंबाजोगाई_ईसीजी: मी टेक्निशियन आहे, गणित मला कळत नाही, पण एवढ्या आकड्यांत कुणीच पेशंटकडं बघेना म्हणून लिहिते. आमच्या मशीनला फिल्टरचं बटण आहे, ते मी सगळ्यात शेवटी दाबते. उन्हाळ्यात आपल्याकडं कातडी कोरडी ठक्क असते, जेल वाळलेलं असतं, एका हाताचा संपर्क चांगला अन् दुसऱ्याचा खराब, की पट्टीवर केसाळ जाड रेघ. जागा पुसा, जेल नवं लावा, खाट भिंतीतल्या वायरपासून ओढा, चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. निम्म्या वेळा बटणाची गरजच पडत नाही. क्यूआरएसच्या मागं तुम्ही जी लहर म्हणताय ती नेमकी एसटी सेगमेंटवर पडते, डॉक्टर तिथंच बघतात. फिल्टर लावून पट्टी सुंदर करणं मला पटत नाही.

गोदाकाठ: ताई, प्रोजेक्ट आहे, निदान करायचं नाही त्याला.

अंबाजोगाई_ईसीजी: मग डेमोला परीक्षकाच्या हाताला कशाला लावता?

देवगिरी_डीएसपी: ताईंचं मी सोडून देणार नाही. दोन इलेक्ट्रोडचा संपर्क सारखा नसला की अँम्प्लिफायर जी गुणगुण मारायला बसवलाय तीच सिग्नल बनून आत येते, नॉच त्याच्या खूप नंतर. कच्चा सिग्नल आधी बघा, लाटेचे शेंडे सपाट कापलेले दिसले तर एडीसी भरलाय, पुढं कुठलाही पोल काही करू शकत नाही. पण फिल्टर नकोच हे मला मान्य नाही, सगळं नीट करूनही थोडं उरतंच.

तूरडाळ_लातूर: सर, `delay(2)` च होतं. टायमर लावून मोजलं तर आधी खरा रेट ४३५ च्या आसपास यायलता.

देवगिरी_डीएसपी: झालं मग. ३६ अंश म्हणजे रेटचा दहावा भाग, तुझा नॉच ४३.५ वर बसला होता. r चा वाद त्याच्या नंतरचा.

तूरडाळ_लातूर: आता टायमर + ०.९९, लाईट असताना लई फरक आहे. ताईंनी सांगितलं तसं चार्जर काढला तर अजून कमी. इन्व्हर्टरवर मात्र अजून खरखर हाय, स्पेक्ट्रममधी १५० ला टोक दिसायलंय. १५० वर दुसरा नॉच लावू का? गाईड अजून ०.९९९ वरच अडून आहेत.

देवगिरी_डीएसपी: इन्व्हर्टरची लाट चौकोनी असणार, १५० येणारच. कोन १०८ अंश, cos तिथं ऋण होतो, म्हणून मधल्या गुणकाची खूण उलटते: `x + 0.618034*x1 + x2`. गाईडना ४९.९ ची साइन टाकून दोन्ही r चे ग्राफ दाखव.

गोदाकाठ: इन्व्हर्टरची फ्रिक्वेन्सी ग्रिडसारखी ४९.९ मधी राहील याची काय गॅरंटी? ती ५१ ला गेली तर तुमचा ०.९९ पण गेला. मग ०.९५ म्हणणारा रूममेटच बरोबर ठरतो की.

अंबाजोगाई_ईसीजी: किंवा लाईट यायची वाट बघा. नाहीतर सरळ बॅटरीवर चालवा, त्यात ५० पण नाही अन् १५० पण नाही.

देवगिरी_डीएसपी: ताई, खोलीतल्या वायरी तर चालूच राहतात ना, त्या हवेतनंच देतात. @तूरडाळ_लातूर इन्व्हर्टरवर असतानाचं एक मिनिटाचं कच्चं रेकॉर्डिंग टाक, फ्रिक्वेन्सी किती सरकते ते मोजून मग r बोलू.