हुंकार, होकार आणि 'री ओढणे'

प्राजक्ता: माझ्या मैत्रिणीचं जोडीदाराशी नातं तुटलंय. आता रोजच्या बोलण्यात तिच्या प्रत्येक वाक्याला 'ना?' असतं. 'तो पहिल्यापासून आपमतलबीच होता ना?' मी नुसतं 'हं' म्हणते. परवा कळलं, 'हिलाही तसंच वाटतं' असं ती इतरांना सांगते! मला कुणाचीच बाजू घ्यायची नाही. याला 'तटस्थ' म्हणावं का? शब्द कोरडा वाटतो.

रानवारा: कोरडाच आहे. तटस्थ म्हणजे काठावर उभा राहिलेला, ज्याला काहीच वाटत नाही असा. 'मध्यस्थ' म्हणा.

जुनीपोथी: काठाचं बरोबर, पुढचं नाही. 'ते ऐकून सगळे तटस्थ झाले' या जुन्या वापरात माणसं थक्क होऊन जागीच खिळलेली असतात. काही वाटत नाही असं कुठे? आणि मध्यस्थ दोघांत समेट घडवायला जातो, ते काम प्राजक्ताकडे कुणी दिलेलं नाही.

खरी गोची 'हं'ची आहे. हुंकार म्हणजे 'ऐकतेय, पुढे बोल'. 'ना?'ला मात्र होकार हवा असतो, त्यामुळे तिथे दिलेला हुंकार होकार म्हणूनच जमा होतो. 'काल रात्रभर झोप नाही' याला खुशाल 'हं' म्हणा. 'ना?' आलं की पूर्ण वाक्य बोला: 'तो कसा होता ते मी नाही ठरवणार, पण तुला किती त्रास झाला ते मी पाहिलंय.' हा दुजोरा झाला, कारण तुम्ही स्वतः पाहिलेलं सांगताय. री ओढणारा दुसऱ्याचाच सूर लांबवतो.

सांजवेळ: माझ्याशी एक मैत्रीण असंच तोलूनमापून बोलायची. माझ्यावर हात उगारला जात होता, तेव्हा मला ही शब्दांची कसरत नको होती. कड घेणारं माणूस हवं होतं.

जुनीपोथी: मान्य. तिथे 'कैवार घेणे' हाच शब्द. मारहाण झाली असेल तर 'ते चूकच होतं' असं स्पष्ट म्हणावं. मी लिहिलं ते स्वभावाच्या उण्यादुण्यांपुरतं.

प्राजक्ता: इथे मारहाण नव्हती, मी विचारलं होतं. काल ते वाक्य बोलून पाहिलं. ती म्हणाली, 'म्हणजे तू त्याच्या बाजूची!'

रानवारा: तरी म्हणत होतो, मध्यस्थ व्हा!

जुनीपोथी: रानवारा, नको हो. प्राजक्ता, सफाई देत बसू नका, त्यातून त्याची वकिली सुरू होते. तेच वाक्य, त्याच शब्दांत, पुन्हा एकदा. मग विषय तिच्याकडे वळवा: झोप, काम, आज काय झालं.

प्राजक्ता: आणि तिसऱ्यांदाही तेच झालं तर?

सांजवेळ: 'त्याच्याबद्दल आज नको बोलूया' म्हणा. मी वैतागले असते, पण फोन ठेवला नसता. म्हणजे, बहुतेक.