नोझलला मोजा: गरज की झाकपाक?

चकलीचा साचा: थ्रीडी प्रिंटरवर पांढऱ्या पीईटीजीमध्ये मसाल्याच्या डब्यांची झाकणं छापते. नोझल 240, बेड 80. पंधराव्या-विसाव्या थरापासून तपकिरी ठिपके दिसायला लागतात. गरम होताना नोझलमधून शेवया लोंबतात त्या वेगळ्याच. दर प्रिंटनंतर ब्रशनं घासते, तरी तेच. सिलिकॉनचा सॉक घेऊ का? घरात दोन मतं आहेत.

जुनी खोड: घेऊ नका. माझा सॉकवर राग आहे. दोन वर्षांपूर्वी नोझल नीट आवळलं नव्हतं आणि प्लास्टिक वरच्या आट्यांतून झिरपत होतं. सॉकनं सगळं पोटात घेतलं, मला महिनाभर पत्ता नाही. काढला तेव्हा ब्लॉकभोवती अक्रोडाएवढा गोळा, त्यात थर्मिस्टरची वायर गाडलेली. उघडा ब्लॉक असता तर दुसऱ्याच दिवशी दिसलं असतं. पितळी ब्रश आणि डोळे, एवढंच पुरतं.

रत्नांग्रीकर: नोझल चोंदलंय. नायलॉन घालून गरम करायचं, 90 ला थंड झालं की खेचायचं. आतली घाण निघते.

चकलीचा साचा: दादा, धार सरळ आणि पूर्ण येते. घाण बाहेरून लागलीय.

तिसरा शिफ्ट: ताई, ठिपके म्हणजे नोझलच्या बाहेर चिकटून भाजलेलं पीईटीजी. ते साठतं, जळतं आणि एखाद्या थरावर गळून पडतं. सॉक लावला तर ब्लॉकला चिकटणार नाही, पण टोक उघडंच राहतं आणि पहिली घाण टोकालाच लागते. म्हणून आधी ती घाण का चढते ते बघा. इन्फिल ग्रिड आहे का? ग्रिडच्या रेघा एकाच थरात एकमेकींना छेदतात, प्रत्येक छेदावर उंचवटा होतो आणि नोझल तो नांगरत जातं. जायरॉइड घ्या, त्यात छेद नाहीत. शिवाय पहिला थर पीएलएसारखा दाबत असाल तर पीईटीजी बाजूनं वर येऊन नोझलला माखतं. झेड 0.04 नं वर घ्या, फ्लो दोनेक टक्के कमी करून बघा.

जुनी खोड, तुमचा गोळा खरा, पण दोष न आवळलेल्या नोझलचा. महिन्यातून एकदा सॉक काढून बघायचं. माल ब्लॉकच्या वरून येत असेल तर गळती, फक्त खालून माखला असेल तर नांगरणी. आणि सॉक नसला की पार्ट फॅनचा वारा थेट ब्लॉकवर, तापमान हेलकावे खातं. सॉक लावल्यावर मात्र पीआयडी पुन्हा करा:

```
M106 S255
M303 E0 S240 C8 U1
M500
```

जुनी खोड: महिन्यातून एकदा म्हणता. कोण काढतं? मी तर नाही काढला.

हळदीकुंकू लॅब: शेवयांसाठी सोपं आहे. प्रिंट संपताना फिलॅमेंट 10 मिमी मागे ओढून ठेवा, गळणारच नाही.

तिसरा शिफ्ट: अर्धं बरोबर. मग पुढच्या प्रिंटला तेवढी पोकळी राहते आणि स्कर्टची पहिली रेघ कोरडी जाते. 10 मिमी ओढून ऑल-मेटल हॉटएंडमध्ये अडकलेलंही मी पाहिलंय. 2-3 मिमी पुरे. खरी गोम आधी पूर्ण तापवून मग बेडची वाट पाहण्यात आहे. नोझल 240 वर रिकामं उभं राहिलं की पाझरणारच. म्हणून बेड तापेपर्यंत ते 150 वर थांबवा, होमिंग-प्रोबिंग तिथंच उरका, शेवटी पूर्ण तापवा:

```
M104 S150
M190 S80
G28
G29
M109 S240
```

शेवटच्या टप्प्यात जे थेंबभर येईल ते चिमट्यानं उचला आणि लगेच पर्ज लाइन. नोझलच बेडला टेकवून मोजणारा प्रिंटर असेल तर हे आणखीच महत्त्वाचं, टोकावरचा थेंबही उंची चुकवतो.

रत्नांग्रीकर: पावसाळ्यात आमच्याकडे यानंही गळतं हो. ओल्या फिलॅमेंटचा चटचट आवाज येतो. 65 ला सहा तास वाळवल्यावर शेवया कमी झाल्या.

तिसरा शिफ्ट: हे मात्र अगदी खरं. आणि ताई, ब्रश फिरवताना नोझल गरम हवं पण प्लग काढून ठेवा. पितळी तार हीटर-थर्मिस्टरच्या टोकांना लागली तर बोर्ड जातो. स्टीलचा ब्रश पितळी नोझलवर नकोच, ओरखड्यांत माल आणखी धरतो.

चकलीचा साचा: बघितलं. ब्लॉकचा वरचा भाग कोरा, खालचा माखलेला. इन्फिल ग्रिडच होतं. जायरॉइड आणि झेड 0.04 वर केल्यावर चार झाकणांत एकच ठिपका. 150 च्या युक्तीनं शेवई तर गेलीच. सॉक मागवलाय, पण तो नोझलच्या टोकापेक्षा खाली लोंबणारा निघाला तर?

तिसरा शिफ्ट: टोक एक मिलिमीटरभर तरी बाहेर दिसायला हवं. लोंबत असेल तर छापलेल्या भागाला घासून ओढेल. परत करा, कापत बसू नका.

जुनी खोड: मी कापतो. चालतं.