शब्दचर्चा : फॉन्टच्या परवान्यातील ‘एम्बेडिंग’मध्ये मोबाइल ॲप येते का?

बालकथा : आम्ही मुलांच्या गोष्टींचे ॲप तयार करत आहोत. पुस्तकांच्या छपाईसाठी एका देवनागरी फॉन्टची साधी आणि ठळक अशी दोन वजने आम्ही दोन संगणकांच्या डेस्कटॉप परवान्यासह विकत घेतली आहेत, शिवाय संकेतस्थळासाठी त्याच फॉन्टचा वेब परवानाही आहे. डेस्कटॉप परवान्यात ‘दस्तऐवजात एम्बेडिंग करता येईल’, म्हणजे फॉन्ट दस्तऐवजाच्या आत घालता येईल, असे वाक्य आहे. या अर्थाने ॲपला दस्तऐवज म्हणता येईल का, की ॲपसाठी वेगळा परवाना घ्यावा लागेल?

खिळेजुळारी : वेगळा घ्यावा लागू नये, असे मला वाटते. फॉन्टच्या फाइलमध्येच fsType नावाची नोंद असते आणि ती 0 असेल, तर एम्बेडिंगला पूर्ण मोकळीक असते. विंडोजमध्ये फाइलचे गुणधर्म उघडले की ही नोंद दिसते.

अक्षररचना : नोंद असते हे बरोबर आहे, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. वर्ड किंवा पीडीएफ तयार करणाऱ्या प्रणालीने दस्तऐवजात फॉन्ट घालावा की नाही, एवढेच ती नोंद त्या प्रणालीला सांगते. खरेदीचा करार तिच्यामुळे बदलत नाही. पीडीएफमध्ये बहुधा त्या मजकुराला लागणारीच अक्षरचित्रे जातात. ॲपमध्ये मात्र अँड्रॉइडवर res/font या फोल्डरात आणि आयफोनवर UIAppFonts या यादीत नोंदवून अख्खी TTF किंवा OTF फाइल ठेवली जाते, आणि ॲप उतरवून घेणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर ती पोहोचते. अँड्रॉइड ॲपची एपीके फाइल ही मुळात झिप फाइल असल्यामुळे ती उघडून आतला फॉन्ट सहज बाहेर काढता येतो. म्हणूनच फॉन्टनिर्माते ॲपची किंमत वेगळी लावतात, आणि तुमच्या करारातले ‘दस्तऐवज’ हे पद ॲपपर्यंत ताणता येणार नाही.

शुभेच्छापत्रे : आमच्या ॲपमध्ये वापरणारा स्वतःचा मजकूर टाकून, फॉन्ट निवडून शुभेच्छापत्र बनवतो. आम्ही ॲप परवाना घेतलेला आहे, तेव्हा तो पुरेसा आहे, असे समजावे ना?

अक्षररचना : तुमचा प्रश्न मूळ प्रश्नाहून वेगळा आहे. बालकथा यांच्या ॲपमध्ये मजकूर त्यांचा आहे आणि वाचक तो फक्त वाचतो. तुमच्याकडे वापरणारा त्या फॉन्टने नवी वस्तू घडवतो, आणि अनेक करारांत याला साध्या ॲप परवान्यातून स्पष्टपणे वगळलेले असते. चित्र सर्व्हरवर तयार होत असेल, तर बरेच विक्रेते सर्व्हरचा परवाना मागतात. तेवढे कलम पुन्हा वाचून घ्यावे.

बालकथा : मग संकेतस्थळासाठी मिळालेली WOFF2 फाइल रूपांतरित करून ॲपमध्ये वापरली तर?

अक्षररचना : तसे करू नये. वेब परवाना बहुधा महिन्याला पाने किती वेळा पाहिली गेली यावर मोजला जातो आणि अनेकदा ठरावीक डोमेनपुरता असतो. ॲपमधल्या फाइलला यांपैकी कोणतेच माप लागू पडत नाही. शिवाय फाइलचे रूप बदलणे हा पुष्कळ करारांत स्वतंत्र भंग ठरतो, आणि देवनागरीत नुकसानही होते. वेबसाठी फाइल लहान करताना GSUB या तक्त्यातले जोडाक्षरे घडवणारे काही नियम गळलेले असले, तर ‘क्ष’ किंवा ‘र्‍या’ फोनवर तुटलेले दिसतात.

तुमच्यापुरते सांगायचे, तर आधी ॲपमध्ये फॉन्ट कुठे लागतो ते वेगळे काढावे. गोष्टींची शीर्षके तुम्ही चित्र म्हणून बसवणार असाल, तर बहुतेक डेस्कटॉप परवान्यांत ते चालते, कारण तिथे फॉन्टची फाइल जातच नाही. मग ठळक वजन केवळ शीर्षकांपुरते असेल, तर ॲप परवाना साध्या वजनाचाच घ्यावा लागेल, कारण किंमत सहसा प्रत्येक वजनामागे लागते. त्यानंतर विक्रेत्याला लेखी विचारावे, की एकाच ॲपच्या अँड्रॉइड आणि आयफोन आवृत्त्या मिळून एक ॲप धरले जाते की दोन, आणि मोजणी ॲपवर होते की महिन्याच्या वापरकर्त्यांवर. ॲप बाहेरची संस्था बांधणार असेल, तर तिला फाइल देण्याची परवानगीही त्याच पत्रात मागावी. दोन संगणकांच्या परवान्यात ती गृहीत धरता येत नाही.

खिळेजुळारी : fsTypeबाबतचे पटले. खर्च जड जात असेल, तर मुक्ता किंवा बलू वापरता येईल. हे दोन्ही फॉन्ट मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे असून एसआयएल ओपन फॉन्ट परवान्याखाली आहेत आणि ॲपमध्ये घालता येतात. हक्कसूचना आणि परवान्याचा मजकूर मात्र ॲपसोबत द्यावा लागतो.

बालकथा : आमच्या छापील पुस्तकांशी मेळ राहावा म्हणून फॉन्ट तोच हवा आहे. एक शंका उरते. संकेतस्थळच ॲपच्या वेष्टनात घालून प्ले स्टोअरवर ठेवले आणि फॉन्ट दर वेळी आमच्या सर्व्हरवरूनच आला, तर कोणता परवाना लागेल?

अक्षररचना : फाइल पॅकेजमध्ये नसल्यामुळे वेब परवाना पुरावा, असे माझे मत आहे. मात्र काही करारांत ‘ॲपमधील कोणताही वापर’ अशी शब्दयोजना असते, आणि तिच्यापुढे माझे मत टिकेलच असे नाही. गोष्टी इंटरनेटविना वाचता याव्यात म्हणून तुम्ही फॉन्ट फोनवर साठवून ठेवणार असाल, तर प्रश्न आणखी अवघड होतो. करारातले तेवढे कलम इथे दिलेत, तर त्यावर बोलता येईल.