फक्त गाडीलाच बसणारा बोल्ट ८७०८ मध्ये का नाही?

«इंजिनाचे बोल्ट आणि रबरी गॅस्केट मागवले. पुरवठादाराने गाडीच्या सुट्या भागांचा टॅरिफ कोड ८७०८ लावलाय, कस्टम्स पोलादी बोल्टचा ७३१८ म्हणतंय. बोल्ट दुसरीकडे कुठेच बसत नाही, मग वाद कशाचा?»

‘दुसरीकडे बसत नाही’ हा मुद्दा इथे चालत नाही. कस्टम्स टॅरिफच्या विभाग १७ च्या टीप ३ मध्ये भाग ‘केवळ किंवा मुख्यतः’ गाडीसाठी आहे का, ही कसोटी आहे खरी, पण तिच्या आधी टीप २ लागते. ती सर्वसाधारण वापराचे धातूचे भाग वगळते, ते गाडीचेच म्हणून ओळखता आले तरीही. त्यामुळे पोलादी बोल्ट ७३१८ मध्येच जातो. साध्या व्हल्कनाइज्ड रबराचं गॅस्केट ४०१६ मध्ये, आणि याच टीपेमुळे ऑइल फिल्टर ८४२१ मध्ये. पुरवठादाराचा कोड आपल्याकडे बंधनकारक नाही.

फरक फक्त मूळ शुल्कापुरता राहत नाही. समजा मूल्य १,००,००० रुपये आणि आयजीएसटी १८ टक्के. मूळ शुल्क १० टक्के असेल तर अधिभारासह ११,००० आणि आयजीएसटी १९,९८०, एकूण ३०,९८०. तेच १५ टक्के असेल तर एकूण ३७,४७०. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, वाढलेल्या मूळ शुल्काचं नाही.

बिल ऑफ एंट्रीत प्रत्येक वस्तू वेगळ्या ओळीत टाका. ‘ऑटो पार्ट्स’ असं मोघम लिहिलं की शंका येतेच. बोल्टवर भांडू नका. दुसऱ्या एखाद्या ओळीवर खरंच मतभेद असेल, तर घाईत ‘मान्य’ असं लेखी देऊ नका. दिलंत तर कस्टम्स कायद्याच्या कलम १७(५) खाली १५ दिवसांत मिळणाऱ्या सकारण आदेशाचा हक्क जातो. त्या आदेशावर अपील करायचं असतं, ६० दिवसांत.